मालकांना दोन कोटेशन पाठवायची आहेत, पक्का होकार कसा घ्यावा? (नाशिक, बाथरूमची गळती)

कांदेनवमी | रविवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. आम्ही इंदिरानगरमध्ये टू बीएचके फ्लॅटमध्ये तीन वर्षं भाड्याने राहतोय. इमारत वीसेक वर्षांची, आमचा तिसरा मजला, लिफ्ट नाही. मालक काका बँकेतून निवृत्त झालेत आणि आता मुलाकडे बंगळुरूला असतात. माणूस भला आहे, पण फोनवर सगळं 'बघू' वर संपतं.

आमच्या बेडरूमच्या बाथरूममधून खालच्या काकूंच्या छताला गणपतीपासून ओल आहे. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात त्यांच्या बाथरूमच्या छताचं परातीएवढं प्लास्टर पडलं. नशीब की खाली कोणी नव्हतं. सोसायटीने मालकांच्या नावाने पत्र काढलं आणि दिलं माझ्या हातात.

काका म्हणाले, "दोन कोटेशन घेऊन ठेव, बघू." घेतली. पहिलं आमच्या शेजाऱ्यांच्या ओळखीच्या मिस्त्रींचं, ४६,००० रुपये. वहीच्या पानावर चार ओळी: जुनी फरशी आणि भिंतीच्या टाइल्स तोडणे, सन्क मोकळा करून वॉटरप्रूफिंग, नवीन टाइल्स बसवणे. दुसरं एका कॉन्ट्रॅक्टरचं, लेटरहेडवर दोन पानी, ७४,५०० रुपये आणि जीएसटी वेगळा.

मला दुसऱ्याचं काम जास्त भरवशाचं वाटतं. पण काका आकडा बघून पहिल्यावरच बोट ठेवतील. मिस्त्री म्हणतात सिंहस्थाची कामं चालू आहेत, आठ दिवसांत हो-नाही सांगा, नाहीतर संक्रांतीनंतर. मी काकांना काय लिहून पाठवू, म्हणजे काम सुरू व्हायच्या आत एका कोटेशनला पक्का होकार मिळेल आणि नंतर माझ्या गळ्यात काही येणार नाही?

---

दिंडोरीचा दादा | रविवार, रात्री १०:१२

ताई, एवढा विचार कशाला करता? भाडेकरूंनी तीन वर्षं वापरलंय बाथरूम. डिपॉझिटमधून कापून घ्या आणि जे स्वस्त असेल ते करा. भाडेकरूला डोक्यावर बसवू नका.

---

कांदेनवमी | रविवार, रात्री १०:१५

दादा, भाडेकरू मीच आहे.

---

दिंडोरीचा दादा | रविवार, रात्री १०:२१

अर्रर्र. चष्मा घरात होता. मागे घेतो सगळं. आमचा एक गाळा भाड्याने आहे त्यामुळे डोकं तिकडेच जातं.

---

निवृत्त ओव्हरसियर | सोमवार, सकाळी ६:४०

कांदेनवमी, कोटेशन नंतर बघू. आधी सांगा, पाणी नेमकं कुठून येतंय हे कोणी तपासलं का? दोघांनीही न तपासता 'सगळं तोडा' म्हटलं असेल, तर तुम्ही मालकांकडे दोन औषधांच्या किमती पाठवताय आणि आजार काय आहे ते कोणालाच माहीत नाही.

बाथरूममधून खाली पाणी जायच्या मुख्य वाटा तीन. एक, भिंतीत गाडलेली नळाची पाइपलाइन. तिच्यात कायम दाब असतो, त्यामुळे तुम्ही आंघोळ करा किंवा गावाला जा, खाली थेंब चालूच राहतात. दोन, नहाणी ट्रॅप आणि सांडपाण्याच्या पाइपांचे सांधे. तिथून पाणी वापरलं तरच गळतं. तीन, फरशीच्या फटा आणि खालचं मूळ वॉटरप्रूफिंग.

घरी करण्यासारखी तपासणी अशी. ते बाथरूम पाच-सहा दिवस पूर्ण बंद ठेवा, पण तिथल्या नळांना पाणी चालू राहू द्या. खालची ओल कमी झाली तर दाबाची लाइन बहुतेक ठीक आहे. मग नहाणीला बूच मारा, म्हणजे ओल्या फडक्याचा घट्ट बोळा कोंबला तरी चालतो, आणि फरशीवर इंचभर पाणी चोवीस तास ठेवा. खाली गळलं तर फरशी दोषी. गळलं नाही तर बूच काढा आणि सगळं पाणी एकदम जाऊ द्या. आता गळलं तर ट्रॅप किंवा पाइपचा सांधा.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. सन्क म्हणजे स्लॅबमधला फूटभर खोल हौदच असतो, वरून विटांच्या तुकड्यांनी भरलेला. एकदा त्यात पाणी साचलं की वरून बंद केलं तरी दोन-चार दिवस पाझरतं. म्हणून पहिल्याच दिवशी निकाल देऊ नका. आणि त्या दिवसांत खालच्या काकूंना त्यांचं बाथरूम वापरताना सांभाळून राहायला सांगा, उरलेलं सैल प्लास्टर काठीने ठोकून पाडून घ्या.

---

टाइल्स न तोडता | सोमवार, सकाळी १०:०५

एवढी तोडफोड कशाला हवी? आमच्याकडे कॉलेज रोडला फरशीच्या फटा खरवडून इपॉक्सी ग्राउट भरलं आणि ट्रॅपभोवती सीलंट मारलं. साडेआठ हजारांत काम संपलं. दोन वर्षं झाली, टिपूस नाही. मिस्त्री लोकांना तोडण्यातच पैसा दिसतो. मालकांना हा तिसरा पर्यायही पाठवा.

---

निवृत्त ओव्हरसियर | सोमवार, सकाळी ११:३०

तुमचा दोष फरशीच्या फटांत होता म्हणून थांबलं. तो उपाय खोटा नाही. पण पाणी ट्रॅपच्या खालच्या सांध्यातून जात असेल तर वर कितीही चांगलं ग्राउट भरा, ते पाइपातूनच खाली जाणार. म्हणून तर तपासणी आधी म्हणतोय.

---

पाथर्डी फाटा रिटर्न | सोमवार, दुपारी २:१५

माझा अनुभव सांगतो, म्हणजे निदान तुम्ही वाचाल. आमच्या भाड्याच्या घरात स्वयंपाकघराची सांडपाण्याची लाइन बदलावी लागली. मालक फोनवर म्हणाले, "करून घ्या हो, तुमचंच घर आहे." ३८,००० मी भरले. भाड्यातून वळते करायला गेलो तर त्यांच्या मिसेसचा फोन: "आम्हाला कुठे विचारलं होतं?" आणि करारावर नाव त्यांचंच होतं, फ्लॅट त्यांच्या नावावर. ज्यांनी होकार दिला ते कागदावर मालकच नव्हते. भांडून भांडून २०,००० मिळाले.

तेव्हा तुमच्या करारावर सही कोणाची आहे ते बघा. दोघांची असेल तर दोघांचा होकार घ्या. 'तुमचंच घर आहे' हे वाक्य ऐकलं की मला अजून घाम फुटतो.

---

कांदेनवमी | सोमवार, दुपारी ३:००

बापरे. आत्ता करार काढून बघितला. मालक म्हणून काका आणि काकू दोघांच्या सह्या आहेत. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बाथरूम आजपासून बंद. सासूबाई वैतागल्यात, पण दुसरं आहे म्हणून निभेल.

---

हक्काने बोला | सोमवार, रात्री ८:४०

तुम्ही एवढ्या घाबरून का लिहिताय तेच कळत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम १४ वाचा. घर राहण्याजोगं ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. पंधरा दिवसांची नोटीस द्या, नाही केलं तर तुम्ही काम करा आणि भाड्यातून कापा. होकाराची भीक मागायची गरजच नाही.

---

कोर्टाची पायरी | सोमवार, रात्री ९:३०

अर्धं बरोबर सांगितलंत. कलम १४ मध्ये पंधरा दिवसांची नोटीस आहे, त्यानंतर वाजवी मुदत आहे आणि वजावटीची सोयही आहे. पण वर्षभरात वजा करता येणारी रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त असू शकत नाही. कांदेनवमी, तुमचं भाडं किती?

दुसरं आणि मोठं म्हणजे, हे कलम भाडेकरूसाठी आहे. आपल्याकडे आज बहुतेक लोक अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहतात. बोलताना आपण स्वतःला भाडेकरू म्हणतो, पण त्या करारात तुम्ही लायसेन्सी असता. तिथे कलम १४ च्या जोरावर परस्पर भाडं कापायला गेलात तर मालक तुम्हाला थकबाकीदार ठरवून डिपॉझिट अडवू शकतो. तुमच्या करारात दुरुस्तीबद्दल काय लिहिलंय ते आधी बघा. बहुधा मोठी दुरुस्ती मालकाची, किरकोळ तुमची, आणि लेखी परवानगीशिवाय बांधकामात फेरफार नाही, असं असेल. ते शेवटचं वाक्य तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. फरशी फोडून सन्क उघडणं म्हणजे फेरफार नाही असं कोण म्हणेल?

---

कांदेनवमी | सोमवार, रात्री ९:५५

लिव्ह अँड लायसन्सच आहे, नोंदणी केलेला. तुम्ही लिहिलंत जवळजवळ तसंच आहे, 'स्ट्रक्चरल आणि मोठी दुरुस्ती मालक करतील'. भाडं १५,०००.

---

कोर्टाची पायरी | सोमवार, रात्री १०:१०

म्हणजे कलम १४ लागू असतं तरी वर्षाचं भाडं १,८०,०००, त्याचा चौथा भाग ४५,०००. तुमच्या स्वस्त कोटेशनलासुद्धा पुरत नाही. लेखी होकारच घ्या. ईमेल उत्तम, व्हॉट्सअ‍ॅप चालेल, पण फोनवरचं बोलणं नाही.

---

हक्काने बोला | सोमवार, रात्री १०:३२

मालकाच्या आळसाचा भुर्दंड राहणाऱ्याने का सोसायचा, हा माझा मुद्दा मात्र राहतोच.

---

मिसळ विथ दही | मंगळवार, सकाळी ८:५०

सोसायटी का नाही करत हे काम? दर महिन्याला मेंटेनन्स कशाचा घेतात?

---

निवृत्त ओव्हरसियर | मंगळवार, सकाळी ९:२५

गच्चीतून पावसाचं पाणी आलं तर सोसायटीने करायचं. संडास-बाथरूम-सिंकमुळे होणारी आतली गळती ज्याच्या फ्लॅटमध्ये दोष, त्या सभासदाने स्वखर्चाने दुरुस्त करायची, असं गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत आहे. सभासद म्हणजे मालक, राहणारा नव्हे. म्हणून सेक्रेटरींनी पत्र मालकांच्या नावाने काढलं ते योग्यच. त्या पत्राचा फोटो मालकांना पाठवलात का?

---

कांदेनवमी | मंगळवार, सकाळी ९:४०

नाही हो. फोनवर सांगितलं फक्त. पाठवते.

---

कांदेनवमी | रविवार, संध्याकाळी ७:१०

तपासणीचा निकाल. बाथरूम सहा दिवस बंद होतं. खालच्या काकूंकडे पहिले तीन दिवस थेंब येत राहिले, मग थांबले, आणि कडा सुकायला लागल्या. शनिवारी बोळा कोंबून पाणी भरलं. चोवीस तास काही नाही. काकू दर तासाला वर बघत होत्या, मान आखडली म्हणाल्या. आज बोळा काढला आणि वीस मिनिटांत टपटप सुरू.

म्हणजे ट्रॅप किंवा त्याखालचा पाइप, बरोबर ना?

---

निवृत्त ओव्हरसियर | रविवार, रात्री ८:३०

बरोबर. छान केलंत. आता फटांच्या ग्राउटचा पर्याय बाद, कारण भरलेलं पाणी फरशीतून गेलं नाही. सन्क उघडावाच लागेल. ट्रॅप सन्कच्या तळाशी असतो, वरून नीट हात पोचत नाही. आणि उघडलाच तर वॉटरप्रूफिंग नवीन करूनच बंद करायचा, कारण जुना थर फोडाफोडीत टिकत नाही.

पण भिंतीच्या टाइल्स वरपर्यंत तोडायच्या का? भिंतीत गाडलेली नळाची लाइन बदलायची असेल तरच. बंद ठेवल्यावर ओल थांबली, म्हणजे लाइन चांगली असावी. खात्रीसाठी प्लंबरकडून हातपंपाने दाब देऊन बघा. सगळे नळ बंद करून लाइनमध्ये दाब भरायचा आणि काटा अर्धा तास हलतो का ते बघायचं. काटा जागेवर राहिला तर भिंतीच्या टाइल्स फक्त खालच्या दोन फूट काढायच्या, वॉटरप्रूफिंग वर चढवण्यापुरत्या. टाइल्सचा रंग जुळणार नाही एवढंच. हा निर्णय मात्र मालकांचा, कारण घर त्यांचं.

आता दोन्ही कोटेशनमध्ये काय आहे आणि काय नाही ते सांगा. टाइल्स कोणाच्या? पाइप आणि ट्रॅप? मलबा तीन मजले खाली कोण नेणार? कमोड काढून परत बसवणार का, आणि फुटला तर कोणाचा? पाणी भरून चाचणी देणार का?

---

कांदेनवमी | सोमवार, सकाळी ८:१५

मिस्त्रींना विचारलं. म्हणाले, "टाइल्स, पाइप, प्लंबर पार्टीचं. मलबा खाली पोत्यात भरून ठेवू, पुढे तुम्ही बघा." चाचणीबद्दल विचारलं तर हसले. "ताई, तीस वर्षं काम करतोय." कॉन्ट्रॅक्टरच्या कागदावर टाइल्स (चौरस फुटाला ४५ पर्यंत), पाइप, प्लंबर, मलबा उचलणे, कमोड परत बसवणे आणि ४८ तास पाणी भरून चाचणी, सगळं आहे. पाच वर्षांची गॅरंटी लिहिली आहे. बाथरूम साडेचार बाय सात फूट.

---

निवृत्त ओव्हरसियर | सोमवार, सकाळी ११:००

मग आता हिशोब करू. फरशी साडेएकतीस, धरा ३२ चौरस फूट. चारी भिंतींची लांबी २३ फूट, सात फुटांपर्यंत टाइल्स म्हणजे १६१. दार आणि खिडकी वजा केली की १४० च्या आसपास. एकूण १७२, तुटफूट धरून १९०. ४५ च्या दराने ८,५५० रुपये.

पाइप, ट्रॅप, जोडसामान मिळून साडेसहा हजार धरा. प्लंबरची मजुरी चार हजार. मलबा तीन मजले उतरवून टेम्पोने नेणं चार हजार. सन्क तुमचा दहा इंच खोल असला तरी २६ घनफूट नुसता भराव निघतो, वर टाइल्स आणि त्यांच्याखालचा मसाला. चाळीसेक पोती सहज होतील आणि ती जिन्यात ठेवून चालणार नाही.

म्हणजे मिस्त्रींचे ४६,००० खरे पडतात ६९,०५०. कॉन्ट्रॅक्टरचे ७४,५०० वर १८ टक्के जीएसटी १३,४१० धरून ८७,९१०. वरवर बघता फरक साडेअठ्ठावीस हजारांचा दिसत होता, जीएसटी धरला तर बेचाळीस हजारांचा. तो खरा आहे १८,८६०. मालकांसमोर हा आकडा जायला हवा. माझे दर अंदाजाचे आहेत, दुकानात विचारून बदला.

आता दोघांनाही 'फरशी, दोन फूट भिंत, ट्रॅप आणि सांडपाण्याचे पाइप' एवढ्याच कामाचं नवीन कोटेशन मागा. दोघांना शब्दशः एकच यादी द्या. त्याशिवाय तुलना होत नाही.

---

टाइल्स न तोडता | सोमवार, दुपारी १२:४०

बरं, माझा पर्याय बाद. पण पाच वर्षांच्या गॅरंटीवर भाळू नका. ती देणारा पाच वर्षांनी फोन उचलेल का?

---

निवृत्त ओव्हरसियर | सोमवार, दुपारी १:०५

यावर तुमच्याशी शंभर टक्के सहमत. मी गॅरंटीपेक्षा चाचणीला मानतो. वॉटरप्रूफिंगचा थर झाल्यावर, भराव टाकायच्या आधी, सन्कमध्ये पाणी भरून ४८ तास ठेवायचं आणि पातळीला पेन्सिलने खूण करायची. खालच्या काकूंनी बघायचं. दोष असेल तर तेव्हाच कळतो आणि तेव्हाच हजारभरात निघतो. वर टाइल्स बसल्यावर तोच दोष पुन्हा पन्नास हजारांना पडतो.

आणि एक लहान पाइप सन्कच्या तळातून बाहेरच्या भिंतीतून काढून ठेवायला सांगा. पुढे कधी पाणी साचलंच तर ते काकूंच्या डोक्यावर न पडता बाहेर दिसेल. फार खर्च नाही त्याला.

---

शरणपूर रोडवाली | सोमवार, दुपारी ४:२०

मालकांना टॅक्ससाठी जीएसटीचं बिल लागेल ना? मग कॉन्ट्रॅक्टरच घ्यावा लागेल.

---

कोर्टाची पायरी | सोमवार, संध्याकाळी ५:००

घरभाड्याच्या उत्पन्नातून सरसकट ३० टक्के वजावट मिळते, प्रत्यक्ष दुरुस्तीवर किती खर्च झाला ते बघितलं जात नाही. त्यामुळे टॅक्ससाठी बिलाने फरक पडत नाही. बिल हवं ते तुमच्या आणि मालकांच्या हिशोबासाठी.

---

कांदेनवमी | गुरुवार, रात्री ९:२०

दाबाची चाचणी झाली, काटा हलला नाही. नवीन कोटेशन आली. मिस्त्री ३६,०००, वरचं सामान, प्लंबर, मलबा धरून माझ्या हिशोबाने ४९,१००. कॉन्ट्रॅक्टर ६१,०००, जीएसटीसकट ७१,९८०.

काका-काकूंना पाठवायला हे लिहिलंय. जरा बघा:

"काका, काकू, नमस्कार. सोसायटीचं पत्र, खालच्या छताचे फोटो आणि दोन्ही कोटेशन सोबत पाठवत आहे. तपासणीत नहाणीचा ट्रॅप किंवा त्याखालचा पाइप गळतोय असं आढळलं. नळाची लाइन चांगली आहे. दोन्ही कोटेशन एकाच कामाची आहेत. सगळं धरून मिस्त्रींचं ४९,१०० आणि कॉन्ट्रॅक्टरचं ७१,९८० होतं. मिस्त्रींच्या कोटेशनमध्ये पाणी भरून चाचणी नाही आणि सामान मला आणावं लागेल. कॉन्ट्रॅक्टर सगळं स्वतः करतो. खालच्या दोन फुटांच्या टाइल्स वरच्यांशी जुळणार नाहीत, ते चालेल का? कृपया कोणतं कोटेशन मंजूर आहे ते लिहून कळवा."

माझं मत लिहू का, कॉन्ट्रॅक्टर बरा म्हणून?

---

पाथर्डी फाटा रिटर्न | गुरुवार, रात्री ९:५०

पैसे कोण, कधी, कसे देणार ते कुठे आहे? तिथेच माझी वाट लागली होती.

---

कोर्टाची पायरी | गुरुवार, रात्री १०:१५

पाथर्डीकर बरोबर बोलतायत. आणखी दोन वाक्यं घाला. फोडल्यावर काही जास्तीचं निघालं तर किती रकमेपर्यंत तुम्ही थेट हो म्हणू शकता, आणि त्यापुढे फोटो पाठवून विचारल्याशिवाय काम पुढे जाणार नाही. आणि दोन्ही मालकांचं उत्तर मागा.

मत एका ओळीत लिहा, पण निवड त्यांची राहू द्या. तुम्ही आग्रह धरून महाग कोटेशन घ्यायला लावलं आणि काम बिघडलं, तर त्याची जबाबदारी तुमच्या नावावर येते.

---

निवृत्त ओव्हरसियर | शुक्रवार, सकाळी ६:५५

खालच्या काकूंच्या छताचं प्लास्टर आणि रंग? दोन्ही कोटेशनमध्ये ते नाही. आणि प्लास्टर परातीएवढं पडलंय म्हणजे स्लॅबची सळई उघडी पडली असेल. गंज असेल तर तारेच्या ब्रशने घासून, गंजविरोधी थर देऊन मगच प्लास्टर. तेही पत्रात विचारा, नाहीतर काम संपल्यावर वाद सुरू होईल.

---

कांदेनवमी | शनिवार, दुपारी १२:३०

सगळं घालून काल पाठवलं. काकांचं उत्तर आलं: "छान सविस्तर लिहिलं आहेस. तुला योग्य वाटेल ते कर." 🙏

झालं ना काम? मिस्त्रींना सोमवारी बोलावू का कॉन्ट्रॅक्टरला?

---

पाथर्डी फाटा रिटर्न | शनिवार, दुपारी १२:३४

कोणालाच नाही!!!

---

कोर्टाची पायरी | शनिवार, दुपारी १:१०

हे कौतुक आहे, मंजुरी नाही. कोणतं कोटेशन, किती रक्कम, पैसे कोणाचे, यातलं एकही उत्तर त्यात नाही, आणि काकू तर कुठेच नाहीत. पुन्हा लिहा, पण लांब पत्र नको. वयस्कर माणसं लांब मजकूर वाचून शेवटचं तेवढं उत्तर देतात. तीनच प्रश्न विचारा: 'मिस्त्री की कॉन्ट्रॅक्टर? जास्तीत जास्त किती? पैसे तुम्ही थेट देणार की मी देऊन भाड्यातून वळते करू?'

---

मिसळ विथ दही | शनिवार, दुपारी २:००

किंवा सरळ व्हिडिओ कॉल लावून काकूंशी बोला. आमच्या घरमालकांकडे सगळे निर्णय काकूच घेतात, काका फक्त 'बघू' म्हणतात.

---

कांदेनवमी | रविवार, रात्री ८:४५

दही, तुमचं ऐकलं. व्हिडिओ कॉलवर काकूंना खालचं छत दाखवलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "सळई दिसतेय का?" माहेरी बांधकामाचा धंदा होता म्हणे. दहा मिनिटांत निकाल. निवडले मिस्त्री, मला हवा होता तो कॉन्ट्रॅक्टर नाही. काकू म्हणाल्या, पाच वर्षांची गॅरंटी कागदावर राहते, पण भराव टाकायच्या आत ४८ तासांची चाचणी मिस्त्रींनी द्यायची. त्याशिवाय दुसरा हप्ता नाही.

कॉल संपल्यावर मी सगळं लिहून दोघांना पाठवलं आणि दोघांनी आपापल्या नंबरवरून 'मंजूर' लिहिलं. मिस्त्री ३६,०००, काका त्यांना थेट तीन हप्त्यांत देणार: सुरुवातीला ४० टक्के, चाचणीनंतर ४०, आणि पंधरा दिवस खाली ओल दिसली नाही की २०. सामान मी बिलावर आणणार आणि ते पुढच्या भाड्यातून वळतं होणार. सगळं मिळून ५५,००० च्या वर गेलं तर विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही.

मिस्त्री चाचणीला तयार झाले, पण दोन दिवस दुसरीकडे काम करणार म्हणाले. चालेल म्हटलं.

---

निवृत्त ओव्हरसियर | रविवार, रात्री ९:१५

तुमच्या काकूंना माझा नमस्कार सांगा. पाणी भरलेलं असताना बाथरूमचं दार बाहेरून कडी लावून बंद ठेवा, घरात वयस्कर माणूस आहे. कमोड काढल्यावर खालच्या पाइपच्या तोंडात गोणपाट कोंबायला विसरू नका, नाहीतर मलबा आत जाऊन खालच्या मजल्याची लाइन तुंबेल. आणि कमोड फुटला तर कोणाचा, हे मिस्त्रींकडून लिहून घ्या.

---

शरणपूर रोडवाली | रविवार, रात्री ९:४०

खालच्या काकूंच्या छताचं काय ठरलं?

---

कांदेनवमी | रविवार, रात्री १०:०५

तेवढंच अडकलंय. काका म्हणतात प्लास्टर करून देऊ, रंग त्यांनी काढावा. खालच्या काकू म्हणतात गणपतीपासून मी बादली लावतेय, रंग मालकांचाच. सेक्रेटरी म्हणतात आपसात बघा. मी दोघांचे निरोप इकडून तिकडे नेतेय. मिस्त्री परवा सकाळी आठला येतायत. टाइल्स बघायला उद्या जाते, वरच्यांशी त्यातल्या त्यात जुळणाऱ्या मिळाल्या तर फोटो टाकते.